साडेतीन ब्लाऊजचा एक व्हिडिओ

कराडला आमच्या वहिनींच्या शिलाई मशिनीशेजारी एक दोनशे पानी वही असते. पुढच्या बाजूने उघडली की गिऱ्हाइकांची मापं: छाती, कंबर, मुंढा, बाहीची लांबी, आणि कोपऱ्यात द्यायची तारीख. तीच वही उलटी करून मागून उघडली की त्यांच्या यूट्यूब चॅनलचा जमाखर्च. ब्लाऊज बेतायला आणि शिवायला शिकवणारं हे चॅनल त्यांनी एप्रिल २०२३ मध्ये सुरू केलं. मी एका कर सल्लागाराच्या कार्यालयात हिशेब लिहितो, म्हणून मागच्या बाजूची पानं आखून देण्याचं काम माझ्याकडे आलं. मार्च २०२५ ला दोन आर्थिक वर्षं पूर्ण झाली, तेव्हा मी ती पानं त्यांच्याकडे मागितली. ‘‘नाव छापू नका भावजी, आकडे खुशाल छापा,’’ वहिनी म्हणाल्या.

हे आकडे मला छापावेसे वाटतात, कारण चॅनल काढणारी बहुतेक माणसं एकच प्रश्न विचारतात: पैसे कधीपासून सुरू होतात? वहिनींना पहिले पैसे चौदा महिन्यांनी मिळाले. पण पैसे सुरू होणं वेगळं, महिन्याचा खर्च भरून निघणं वेगळं, घातलेलं भांडवल परत येणं वेगळं आणि स्वतःची मजुरी सुटणं आणखी वेगळं. या चारही गोष्टी एकाच दिवशी घडल्या असं समजून माणूस पुढचा खर्च करतो आणि तिथे फसतो.

सुरुवातीची खरेदी आधी सांगतो. फोन २२,००० रुपयांचा, दोन एलईडी दिवे स्टँडसकट ४,५००, कॉलरला लावायचा माईक २,८०० आणि कापडावर वरून फोन धरणारा लोखंडी स्टँड २,७००. फोनवर एडिटिंग करताना डोळे दुखायला लागले, म्हणून ऑगस्टमध्ये २२,००० रुपयांचा जुना लॅपटॉप घेतला. एकूण ५४,०००. ही रक्कम एकदाच जाते, म्हणून ती वहीच्या वेगळ्या पानावर ठेवली.

दर महिन्याचा खर्च दोन जातींचा असतो. व्हिडिओ केला नाही तरी जातो तो एक: इंटरनेट ६००, एडिटिंग ॲपची वर्गणी ४००, वीज आणि किरकोळ ५००. म्हणजे दीड हजार ठरलेले. दुसरा खर्च प्रत्येक व्हिडिओमागे वाढतो: कापड, अस्तर, दोरा, हुक, खाकी कागद मिळून अडीचशे रुपये. आठवड्याला दोन, म्हणजे महिन्याला आठ व्हिडिओ धरले तर दोन हजार. दोन्ही मिळून महिन्याचे ३,५००.

यातला कापडाचा आकडा काढायलाच सगळ्यात जास्त वेळ गेला. वहिनी कापड दुकानातून एकाच बिलावर सगळं आणतात, गिऱ्हाइकांची अस्तरंही आणि व्हिडिओतली अस्तरंही. पहिले दोन महिने चॅनलचा खर्च शिलाईच्या धंद्यातच मिसळून गेला आणि शिलाईत फायदा कमी दिसू लागला. मग आम्ही साधी युक्ती केली. बिल घरी आलं की त्याच रात्री चॅनलच्या ओळींवर लाल पेनने खूण करायची आणि तेवढी रक्कम वहीत उतरवायची. बँकेत चॅनलसाठी दुसरं बचत खातंही उघडलं. बाकी कुठलं ॲप नाही, संगणकावरचा तक्ता नाही. दोन वर्षं एवढ्यावर निभावलं.

आता येणाऱ्या पैशाकडे. यूट्यूब जाहिरातीतला वाटा देऊ लागतं ते चॅनलला १,००० सदस्य आणि मागच्या बारा महिन्यांत ४,००० तासांचं पाहणं जमलं की. लांब व्हिडिओऐवजी शॉर्ट्सवर भर असेल तर ९० दिवसांत १ कोटी व्ह्यूजची वेगळी अट आहे. शॉर्ट्सच्या फीडमध्ये पाहिलेली मिनिटं त्या ४,००० तासांत धरत नाहीत. वहिनींचे व्हिडिओ पंधरा-वीस मिनिटांचे, पण माणूस सरासरी चार मिनिटं थांबतं. चार हजार तास म्हणजे २ लाख ४० हजार मिनिटं. चारने भागलं की ६० हजार व्ह्यूज. तेवढे जमायला जानेवारी २०२४ उजाडला आणि फेब्रुवारीत जाहिराती लागल्या.

इथे एक गणित मी वहिनींना करून दाखवलं होतं. दर हजार व्ह्यूजमागे निर्मात्याच्या हाती जे पडतं त्याला आरपीएम म्हणतात. लांब व्हिडिओवरच्या जाहिरातीच्या उत्पन्नातला ५५ टक्के वाटा निर्मात्याला मिळतो. आरपीएम हा तो वाटा धरून काढलेला आकडा असतो, म्हणून हिशेबात तोच घ्यावा. वहिनींचा आरपीएम साधारण ४० रुपये बसला. त्या दराने, दहा महिने राबून जमवलेल्या ६० हजार व्ह्यूजची किंमत होते २,४०० रुपये. त्यांनी आकडा ऐकला आणि बराच वेळ हातातल्या कापडाला घडी घालत राहिल्या. पण हे त्यांना आधीच कळलं हे बरं झालं. पुढे येणाऱ्या पैशाबद्दल त्यांनी घरात कुणाला भलतं काही सांगितलं नाही.

कमाई सुरू झाली तरी ती हाती लगेच येत नाही. फेब्रुवारीत ९०० रुपये, मार्चमध्ये १,९००, एप्रिलमध्ये २,४०० आणि मेमध्ये ३,३०० कमावले. खात्यात १० डॉलर जमले की गूगल पत्त्याच्या पडताळणीसाठी टपालाने एक पिन पाठवतं. तो चार महिन्यांत भरला नाही तर जाहिराती बंद होतात. आणि प्रत्यक्ष पैसे निघतात ते १०० डॉलर पार झाल्यावर. त्या वेळच्या दराने ते साधारण ८,३०० रुपये. मेअखेर ती रेघ ओलांडली, जूनच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत आकडा पक्का झाला आणि शेवटच्या आठवड्यात पैसे बँकेत आले. म्हणजे फेब्रुवारीतल्या जाहिरातीचा रुपया जूनमध्ये घरी पोचला. त्यातूनही बँकेने परदेशातून आलेल्या रकमेवरचं शुल्क कापलं.

त्याच महिन्यात वहीत चूक निघाली. वहिनी दर महिन्याला यूट्यूब स्टुडिओत दिसणारा अंदाजी आकडा जमेला लिहीत होत्या. जूनमध्ये बँकेत पैसे आल्यावर तेही जमेला लिहिले. तेच ८,५०० रुपये दोनदा मोजले गेले. वहीतली शिल्लक आणि पासबुकातली शिल्लक जुळेना, म्हणून कळलं. तेव्हापासून जमेचे दोन रकाने केले: ‘कमावले’ आणि ‘जमा झाले’. पहिल्यात पुढच्या महिन्याच्या बारा तारखेनंतरचा पक्का आकडा लिहायचा, दुसऱ्यात बँकेतला. चॅनल स्वतःच्या पायावर उभं आहे का, हे पहिला रकाना सांगतो. येत्या आठवड्यात अस्तर आणायला पैसे आहेत का, हे दुसरा. एका रकान्याचं काम दुसऱ्याकडून करून घेतलं की गोंधळ ठरलेला.

पहिल्या वर्षाचा ताळा असा: चालू खर्च ४२,०००, खरेदी ५४,०००, कमाई २,८००. तूट ९३,२०० रुपये. मला ही तूट धक्कादायक वाटली नाही. दुकान थाटतानाही पहिल्या वर्षी पैसे घालावेच लागतात. मला खटकत होती ती वहीत नसलेली रक्कम.

एके संध्याकाळी मी वहिनींना विचारलं, एका व्हिडिओला किती तास जातात? त्यांनी बोटांवर मोजले. कापड बेतणं आणि मांडामांड एक तास, शूटिंग तीन, एडिटिंग चार, थंबनेल करून चढवणं आणि बायकांच्या प्रश्नांना उत्तरं देणं एक. नऊ तास. आणि अस्तराच्या ब्लाऊजला? अडीच. शिलाई साडेतीनशे, त्यातले दोरा-हुक-विजेचे पन्नास गेले की तीनशे सुटतात. म्हणजे तासाला १२० रुपये. एक व्हिडिओ म्हणजे १,०८० रुपयांचं काम, साडेतीन ब्लाऊजहून थोडं जास्तच. महिन्याचे आठ व्हिडिओ म्हणजे ८,६४० रुपये. वहीत खर्च होता साडेतीन हजार, आणि त्याच्या जवळजवळ अडीचपट रक्कम कुठे लिहिलीच नव्हती.

पण ती तशीच्या तशी लिहिणंही चूक झालं असतं. आषाढात आणि पितृपक्षात मशीन रिकामं असतं. त्या दिवसांत केलेल्या व्हिडिओने कुठलाही ब्लाऊज बुडत नाही. बुडतो तो गौरी-गणपतीच्या आधी, दिवाळीच्या आधी, लग्नसराईत. तेव्हा दारात आलेल्या बाईला ‘‘या आठवड्यात जमणार नाही गं’’ सांगावं लागतं आणि ती दुसरीकडे जाते. म्हणून आम्ही ठरवलं की वहीच्या पुढच्या बाजूला, मापांच्या पानावर, परत पाठवलेल्या प्रत्येक ब्लाऊजची एक फुली मारायची. आधीच्या महिन्यांच्या फुल्या त्यांनी आठवून घातल्या, पुढच्या त्या त्या दिवशी. पहिल्या वर्षाच्या फुल्या भरल्या १५०. म्हणजे ४५,००० रुपये खरोखर हातचे गेले. रात्रीचं जागरण त्यात धरलेलं नाही. ते धरावं असं माझं मत आहे. वहिनी म्हणतात, ‘‘ते माझं मी बघते.’’

दुसऱ्या वर्षी मेमध्ये ३,३०० कमाई आणि ३,५०० खर्च, म्हणजे बरोबरीला दोनशे कमी पडले. वाटलं, जुलैत रेघ ओलांडणार. पण जुलैत वहिनींनी एडिटिंगसाठी गावातल्याच एका मुलाला व्हिडिओमागे ५०० रुपयांवर ठेवलं. महिन्याचे चार हजार वाढले आणि खर्चाची रेघ एकदम साडेसात हजारांवर गेली.

हा निर्णय बरोबर होता का, हे वहीनेच सांगितलं. एडिटिंगचे चार तास, तासाला १२० म्हणजे ४८० रुपये. मुलाला द्यायचे ५००. गिऱ्हाईक दारात असताना हा सौदा जवळजवळ बरोबरीचा. मशीन रिकामं असताना सरळ तोट्याचा. पण त्याहून महत्त्वाचा प्रश्न होता, हे वाढीव चार हजार आणायचे कुठून? जाहिरातीतून आणायचे तर ४० रुपये आरपीएमने महिन्याला आणखी एक लाख व्ह्यूज लागले असते. वहिनींचे तेव्हा महिन्याचे सगळे मिळून एक लाखाच्या आसपास होते. ते दुप्पट करणं त्यांच्या हातात नव्हतं.

हातात होती ती दुसरी गोष्ट. व्हिडिओखाली बायका सतत लिहीत, ताई, मापाप्रमाणे कापलेला कागदच पाठवा ना. कटोरी आणि प्रिन्सेस कटचे वेगवेगळ्या मापांचे कागदी पॅटर्न वहिनींनी एकदा नीट काढून घेतले, झेरॉक्सवाल्याकडून मोठ्या कागदावर छापून घेतले आणि व्हॉट्सॲपवर मागणी घेऊन विकायला लागल्या. संच २५० रुपयांना. छपाई आणि पाठवणीचे ११० गेले की १४० सुटतात. चार हजारांना १४० ने भागा: २९ संच. एक लाख व्ह्यूज की २९ संच, असा प्रश्न समोर मांडल्यावर लक्ष कुठे द्यायचं ते वेगळं सांगावं लागलं नाही. जुलैत दहाच संच गेले, ऑगस्टमध्ये वीस, सप्टेंबरमध्ये पस्तीस, आणि ऑक्टोबरमध्ये साठ.

ऑगस्ट २०२४. जाहिरातीचे ४,८०० आणि पॅटर्नचे २,८००, एकूण ७,६००. खर्च ७,५००. शंभर रुपये शिल्लक. सतराव्या महिन्यात चॅनलने पहिल्यांदा आपला महिना स्वतः भरला. वहिनींनी त्या ओळीखाली पेनने दोनदा रेघ ओढली आहे. कागद थोडा फाटलाय तिथे.

ही बरोबरी मात्र एका महिन्यावरून पक्की धरता येत नाही. ऑक्टोबरमध्ये दिवाळीच्या जाहिरातींमुळे आरपीएम ५६ रुपयांवर गेला आणि १ लाख ५४ हजार व्ह्यूजचे ८,६०० रुपये झाले. जानेवारीत व्ह्यूज होते १ लाख ३२ हजार, म्हणजे ऑगस्टच्या १ लाख २० हजारांपेक्षा जास्त. तरी मिळाले ४,१०० रुपये, कारण सण सरल्यावर जाहिरातदार हात आखडतात आणि आरपीएम ३१ वर उतरला होता. व्ह्यूज वाढले आणि पैसे घटले, हे पाहून वहिनी घाबरल्या होत्या. आता आम्ही कुठल्याही महिन्याचा आकडा मागच्या दोन महिन्यांशी मिळवून तिन्हींची सरासरी पाहतो, आणि दिवाळीच्या महिन्याच्या जोरावर नवा खर्च बांधत नाही.

वस्तूरूपाने येणाऱ्या मोबदल्याचंही सांगायला हवं, कारण तिथे बरेच जण चुकतात. एका विक्रेत्याने व्हिडिओसाठी २४,००० रुपयांचं शिलाई मशीन देऊ केलं. जुलै २०२२ पासून असा नियम आहे की धंद्यातून मिळालेली वस्तू ठेवून घेतली आणि वर्षभरातल्या अशा लाभांची किंमत २०,००० च्या वर गेली, तर देणाऱ्याला १० टक्के टीडीएसची तजवीज करावी लागते. वस्तूतून काही कापून घेता येत नाही, म्हणून ते २,४०० वहिनींना रोख द्यावे लागले असते आणि मशिनीची किंमत उत्पन्नात धरली गेली असती ती वेगळीच. अस्तराचं बिल तर मशिनीने भरता येत नाही. घरात दोन मशिनी आधीच होत्या. वहिनींनी ते चालवून दाखवलं आणि परत पाठवलं. परत दिलेल्या वस्तूला हा नियम लागत नाही. त्याऐवजी वर्षभरात दोन व्हिडिओंचे रोख १८,००० घेतले. त्यातले ऑक्टोबरचे आठ हजार डिसेंबरात हाती आले.

अमेरिकेतल्या मराठी बायकाही हे व्हिडिओ पाहतात. त्यांच्या पाहण्यावर दर चांगला मिळतो, पण तेवढ्या कमाईवर अमेरिकेचा कर कापला जातो. ॲडसेन्समध्ये कराचा फॉर्म भरून भारताशी झालेल्या कराराची सवलत घेतली असेल तर १५ टक्के. फॉर्मच भरला नाही तर जगभरच्या सगळ्या कमाईतून २४ टक्क्यांपर्यंत जाऊ शकतात. पंधरा मिनिटांचं काम आहे, पहिल्या पेमेंटच्या आधी करून टाकावं.

दुसऱ्या वर्षाचा ताळा: जाहिराती ५९,०००, पॅटर्न ४२,०००, प्रायोजक १८,०००. जमा १ लाख १९ हजार, खर्च ७८,०००, शिल्लक ४१,०००. फुल्या ११० झाल्या, म्हणजे ३३,००० ची मजुरी बुडाली. ती वजा केली तरी आठ हजार उरतात. बुडालेली मजुरी धरूनही दुसरं वर्ष बरोबरीच्या वर गेलं, याचा मला मनापासून आनंद आहे.

पण पहिल्या वर्षाची ९३,२०० ची तूट तशीच मागे उभी आहे. ४१,००० वजा जाता मार्च २०२५ अखेर चॅनलने वहिनींना देणं आहे ५२,२०० रुपये, आणि दोन्ही वर्षांची मजुरी धरली तर १ लाख ३० हजार २००. दिवाळी आणि प्रायोजक सोडून साधा महिना पाहिला, तर साधारण २,९०० रुपये उरतात. त्या वेगाने नुसते घातलेले पैसे फिटायला आणखी अठरा महिने, म्हणजे सप्टेंबर २०२६. जुन्या व्हिडिओंचा थोडा हातभार आहे: मार्चच्या ५,९०० पैकी २,७०० पहिल्या वर्षाच्या व्हिडिओंनी मिळवून दिले. उद्या काम थांबवलं तरी ते काही काळ येत राहतील. पण शिवणातही फॅशन बदलते, त्यामुळे त्यावर मी फार भार टाकत नाही.

सप्टेंबर २०२६ चा आकडा मी वहिनींना दाखवला, तेव्हा त्यांनी पैशांचं काही विचारलं नाही. फोन उचलून मागची बाजू पाहिली. कॅमेऱ्याच्या काचेशेजारी बारीक चर गेली आहे, आणि बॅटरी एका शूटिंगला पुरत नाही. ‘‘भावजी, हा तोवर टिकेल का?’’

प्रश्न अगदी नेमका होता. फोनला तीन वर्षं धरली तर तो एप्रिल २०२६ मध्ये संपतो. त्याचे पैसे वसूल होण्याआधीच दुसरा घ्यावा लागणार, आणि बरोबरीची रेघ पुन्हा पुढे सरकणार. बावीस हजारांना छत्तीस महिन्यांनी भागलं की महिन्याला ६११ रुपये येतात. हे पहिल्या महिन्यापासून खर्चात धरायला हवे होते. तसे धरले असते तर ऑगस्टची ती शंभर रुपयांची शिल्लक दिसलीच नसती. हे तेव्हा माझ्या लक्षात यायला हवं होतं, माझा तर रोजचा धंदा आहे हा.

एप्रिल २०२५ पासून वहिनींनी दोन बदल केले. एडिटिंगचा मुलगा गौरी-गणपती ते दिवाळी आणि लग्नसराईपुरता. बाकीचे महिने त्या स्वतः करतात आणि आठवड्याला एकच व्हिडिओ काढतात. आणि महिन्याच्या पानावर सगळ्यात वर, इंटरनेटच्याही आधी, आता एक ओळ असते: ‘फोनसाठी बाजूला – ६११’.